पाच वर्षांच्या मुलीच्या बोलण्यातून कुणीतरी वाईट स्पर्श केल्याची शंका आली, तर पहिल्या रात्री तिला काय विचारायचं?

प्रश्न: मी कोपरखैरण्याला राहते. मुलगी सव्वापाच वर्षांची आहे, सीनियर केजीत. आम्ही दोघं नोकरीला, म्हणून शाळा सुटल्यावर ती शेजारच्या सेक्टरमध्ये एका काकूंकडे पाळणाघरात असते. आज अंघोळ घालताना ती एकदम म्हणाली, "मला काकूंकडे नाही जायचं. दादा गुपित खेळ खेळतो. घाणेरडा आहे तो." माझे हातपाय गार पडले, पण मी काही बोलले नाही. काकूंचा मुलगा नववीत आहे. मिस्टर म्हणतात, आत्ता तिला समोर बसव आणि नीट विचार, नाहीतर मी जाऊन त्यालाच विचारतो. सासूबाई म्हणतात, पोरं काहीही बोलतात. मी तिला काय विचारू आणि कसं?

उत्तर: आधी दोन गोष्टी. मिस्टरांना आज त्या घरी जाऊ देऊ नका, आणि मुलीला समोर बसवून विचारू नका. ती झोपली असेल तर उठवू नका. उद्यापासून ती काकूंकडे जाणार नाही. काकूंना कारण साधं सांगा: "ताप आहे, घरीच ठेवतेय." अंघोळीच्या वेळी तुम्ही काही बोलला नाहीत याची चुटपुट लागली असेल तर ती सोडा. तुमचा चेहरा फार बदलला नाही, तुम्ही ओरडला नाहीत, म्हणजे ती पुन्हा बोलू शकते.

आता तिने नेमकं काय सांगितलंय ते पाहू. तिला काकूंकडे जायचं नाही, कुणीतरी दादा आहे, काहीतरी गुपित खेळ आहे आणि तिला तो घाणेरडा वाटतो. एवढंच. पुढचं वाक्य तुमचं आहे: "काकूंचा मुलगा नववीत आहे." तुमचं मन तिकडे जाणं साहजिक आहे, पण तिने ते सांगितलेलं नाही. आपल्याकडे पाळणाघरातला सातवीतला मुलगाही दादा, गॅस सिलिंडर आणणाराही दादा, काकूंचा भाचाही दादा. आणि गुपित खेळ म्हणजे आपल्याला भीती वाटते तेच असेल, किंवा थुंकून चित्र काढण्याचा काही अचरटपणाही असेल. यातलं काय ते कळण्याचा रस्ता एकच: तिच्या तोंडून, तिच्या शब्दांत येणं. तुम्ही एक नाव किंवा एक कृती पुरवलीत की त्यानंतर तिचं काय आणि तुमचं काय, हे कुणालाच वेगळं करता येत नाही. तुम्हालाही नाही.

मी नवी मुंबई आणि ठाण्यात मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते आणि पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, केसेसमध्ये मुलांची सहायक व्यक्ती म्हणून कोर्टात बसते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं त्यानंतर आमच्या भागात घरोघरी एक नवीनच प्रथा पडली. मूल शाळेतून आलं की दप्तर काढता काढता विचारायचं, "आज कुणी हात लावला का? व्हॅनवाल्या काकांनी लावला? शिपाईमामांनी लावला?" आयांची भीती मला समजते. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला असं रोज विचारणं हे त्याचं रक्षण नाही. या वयाचं मूल असं धरून चालतं की मोठ्यांना उत्तर माहीत असतं आणि आपण ते बरोबर द्यायचं असतं, जसं शाळेत रंग ओळखताना. हो-नाहीच्या प्रश्नाला ते बरेचदा हो म्हणून टाकतं. तोच प्रश्न तुम्ही दुसऱ्यांदा विचारलात, तर त्याला वाटतं आपलं पहिलं उत्तर चुकलं, आणि ते बदलतं. "ह्याने केलं की त्याने?" असं विचारलं, तर तिसराच कुणी असू शकतो हे सांगायचं त्याला सुचतच नाही, दोघांतला एक ते निवडून मोकळं होतं. यात मूल खोटं बोलत नसतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण या बाबतीत आमच्या क्षेत्रात अजून शिकवलं जातं. १९८३ मध्ये मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार झाली, शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या, १९९० पर्यंत खटले चालले आणि एकालाही शिक्षा झाली नाही. मुलाखतींची रेकॉर्डिंग ज्युरींनी पाहिली. मुलांना उत्तरं सुचवली जात होती, नाही म्हणणाऱ्यांना पुन्हा पुन्हा विचारलं जात होतं. त्या मुलांपैकी कुणावर खरंच काही बेतलं होतं का, हे कळण्याची वाटच त्या मुलाखतींनी बुजवून टाकली. पुढे मानसशास्त्रज्ञ मायकल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांशी बोलण्याची जी पद्धत बसवली, तिचा गाभा सोपा आहे: मुलाला विषय उघडा करून द्या, "सांग" म्हणा आणि गप्प बसा.

इतकं दूर कशाला जायचं? घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतलं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सहा वर्षांच्या मुलीने आईला सांगितलं, "लिफ्टमध्ये एका माणसाने मला घट्ट धरलं." आईने शांतपणे ऐकलं. संध्याकाळी वडील आले. त्यांनी मोबाइलवर वॉचमन, सफाईवाले, दूधवाले अशा सगळ्यांचे फोटो जमवले आणि एकेक दाखवत विचारलं, "हा का? हा का?" चौथ्या फोटोला मुलगी हो म्हणाली. त्या वॉचमनला खाली गेटवर मारहाण झाली. नंतर कळलं, तो त्या आठवड्यात गावी गेलेला होता. तोवर मुलीच्या डोक्यात लिफ्टमधल्या माणसाला त्याचा चेहरा बसला होता, आणि पोलिसांनी विचारल्यावरही ती त्याचंच वर्णन करायची. खरा माणूस कोण, हे ठरलंच नाही. मुलीने पहिलं वाक्य अगदी खरं सांगितलं असणार, असं मला आजही वाटतं.

तर मग तुम्ही उद्या काय करायचं? शक्यतो सकाळी, नेहमीच्या कामात असताना, दोघीच असाल तेव्हा बोला. चित्र रंगवताना, मटार सोलताना, शेजारी शेजारी बसून. समोरासमोर, डोळ्यांत डोळे घालून नको. टीव्ही बंद, तुमचा फोन दुसऱ्या खोलीत, सासूबाई आणि मिस्टर खोलीबाहेर. तिचेच शब्द जसेच्या तसे उचला आणि एकदाच विषय काढा: "तू काल अंघोळ करताना म्हणालीस ना, दादा गुपित खेळ खेळतो. त्याबद्दल मला सांग." पुढे थांबा. मनात दहा आकडे मोजा. मोठ्यांना ही शांतता असह्य होते आणि ते घाईघाईने दुसरा प्रश्न टाकतात, बहुतेक वेळा सगळं बिघडतं ते तिथेच. पाच वर्षांच्या मुलाला आठवून शब्द जुळवायला वेळ लागतो. ती रंगवत राहील, दुसरंच काहीतरी बोलेल, मग परत येईल.

समजा, संभाषण असं झालं:

"त्याबद्दल मला सांग."
"ते कुणाला सांगायचं नसतं."
"हं."
(बराच वेळ काही नाही. निळा खडू संपला म्हणून ती जांभळा घेते.)
"तो गादीच्या खोलीत असतो."
"गादीच्या खोलीत. मग काय होतं?"
"दादा माझ्या चड्डीला हात लावतो."
"मग?"
"मग मला नाही आवडत. मला पोहे हवेत."
"बरं. तू मला सांगितलंस ते छान केलंस. त्यात तुझं काही चुकलेलं नाही. चल, पोहे करू."

इथे थांबायचं. खरंच थांबायचं. तुमच्या जिभेवर दहा प्रश्न आले असतील: कुठला दादा, हात कुठे लावला, किती वेळा, कधीपासून, दुखलं का, काकू कुठे होत्या. यातला एकही तुम्ही विचारण्याची गरज नाही. "किती वेळा" आणि "कधीपासून" हे या वयाच्या मुलांना सांगताच येत नाही. ते एखादा आकडा ठोकून देतात आणि पुढे तोच आकडा बचावपक्षाच्या वकिलाच्या हातात पडतो. "का" तर अजिबात नको. "तू ओरडली का नाहीस", "आधी का नाही सांगितलंस" यातून मुलाला ऐकू येतं ते एवढंच, की चूक माझी. बाकीचं विचारायला प्रशिक्षित माणसं आहेत आणि ती विचारणारच आहेत. पोलीस विचारतील, डॉक्टर विचारतील, मॅजिस्ट्रेट विचारतील. घरात जितके कमी प्रश्न होतील तितकी मुलगी तिकडे ताजी पोचेल.

वरच्या संभाषणात आईने काय केलं ते पुन्हा पाहा. तिने मुलीचाच शब्द परत म्हटला आणि "मग?" विचारलं. "सांगायचं नसतं" असं मुलगी म्हणाली तेव्हा "कोण म्हणालं? त्याने धमकी दिली का?" असं तिने विचारलं नाही. धमकी हा शब्द मुलीने आणलेला नव्हता. शरीराच्या भागांचंही तसंच. तुमच्या घरात शूच्या जागेला जो काही शब्द असेल आणि तिने तो वापरला, तर तोच ठेवायचा, सुधारायचा नाही. आणि कृपा करून बोलायच्या आधी तिला चांगला स्पर्श-वाईट स्पर्शाचा व्हिडिओ दाखवू नका. एरवी ते शिकवायला हवंच, पण आज रात्री नको. नाहीतर तिने उद्या जे सांगितलं ते व्हिडिओतलं की काकूंकडचं, असा प्रश्न कुणीतरी विचारेलच.

उघडा प्रश्न निरपराध माणसालाही वाचवतो. नेरुळच्या एका आईला तिच्या साडेचार वर्षांच्या मुलाने सांगितलं, "मावशी मला शूच्या जागी दुखवते." आई पांढरी पडली, पण तिने फक्त "सांग बरं मला कसं" एवढंच विचारलं. मुलगा म्हणाला, "शी झाली की ती पायपाने जोरात पाणी मारते, फुस्स करून." हाताने फवाऱ्याची नक्कलही केली. आईने त्याला आधी काहीही सुचवलेलं नव्हतं, म्हणून या उत्तरावर भरवसा ठेवता आला. मावशींना फवारा हळू धरायला सांगून तो विषय मिटला. हीच आई "मावशी तिकडे हात लावते का?" असं विचारती, तर मुलगा हो म्हणाला असता, आणि ते शब्दशः खरंही असतं.

आता मोबाइलवर रेकॉर्ड करायचं का? मिस्टर हे सुचवतीलच. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. कॅमेरा दिसला की मूल एक तर गप्प होतं किंवा नाटक करतं, आणि तो व्हिडिओ आत्या, मामा, वकील मित्र असा फिरतो. मुलीची ओळख उघड झाली तर ती परत झाकता येत नाही. त्याऐवजी बोलणं संपल्यावर लगेच, अर्ध्या तासाच्या आत, वहीत लिहा. तिचे शब्द अवतरणात, आणि तुम्ही काय विचारलंत तेही, कारण पुढे हाच प्रश्न येणार आहे. साधारण असं:

"मंगळवार, रात्री आठच्या सुमारास, बाथरूममध्ये, मी अंघोळ घालत होते. मी काही विचारलेलं नसताना ती म्हणाली, 'मला काकूंकडे नाही जायचं. दादा गुपित खेळ खेळतो. घाणेरडा आहे तो.' मी उत्तर दिलं नाही. बुधवार, सकाळी नाश्त्याआधी, हॉलमध्ये, ती चित्र रंगवत होती. मी म्हटलं..." आणि पुढचं वाक्यागणिक. ती रडली, हसली, नक्कल केली, तेही लिहा. "ती घाबरलेली होती" असं लिहू नका, "तिने उशी छातीशी धरली" असं लिहा. तुमचे अंदाज या पानावर नकोत. खाली सही आणि वेळ.

ती काहीच बोलली नाही तर? मग नाही बोलली. "बरं, तुला कधी सांगावंसं वाटलं तर मी आहे" इतकं म्हणून सोडा आणि दर तासाला आठवण करू नका. मुलं तुकड्यातुकड्यांनी सांगतात, एक तुकडा टाकून मोठ्यांचा चेहरा बघतात. काही मुलं सांगितल्यावर दोन दिवसांनी "मी गंमत केली" असंही म्हणतात, विशेषतः घरात भांडणं आणि रडारड दिसली की. ते ऐकून सासूबाईंना हायसं वाटेल. त्यांना शांतपणे सांगा की माघार घेणं म्हणजे आधीचं खोटं, असं नसतं. ती माघारही वहीत तशीच लिहा, उलटतपासणी करू नका. आणि ती म्हणाली, "बाबांना सांगू नको," तर वचन देऊ नका. "तुला मदत करणाऱ्या मोठ्या माणसांना मला सांगावं लागेल. सगळ्यांना नाही सांगणार." हे खरं आहे आणि पाच वर्षांच्या मुलीला कळतं.

वरच्यासारखं काही तिने सांगितलं, तर पुढचा निर्णय तुमच्या मर्जीचा राहत नाही. पोक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याची माहिती किंवा नुसती आशंका असलेल्या कुणीही पोलिसांना कळवायचं असतं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तुम्ही मुलीला घेऊन माझ्याकडे आलात तरी मलाही कळवावंच लागतं, ते गुपित मी ठेवू शकत नाही. चांगल्या हेतूने दिलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही, म्हणून तुमच्यावर कारवाई होत नाही. खात्री करून मग कळवू, असं म्हणू नका. खात्री करणं तुमचं काम नाही, आणि खात्री करण्याच्या नादातच सगळे चुकीचे प्रश्न विचारले जातात.

१०९८ ही मुलांची हेल्पलाइन चोवीस तास चालते, किंवा थेट जवळचं पोलीस स्टेशन. हद्दीचा घोळ आपल्याकडे आहेच: खारघर, कामोठे नवी मुंबई पोलिसांकडे, पण जिल्हा रायगड. कोपरखैरणे ठाणे जिल्ह्यात. तुम्ही त्यात पडू नका. हद्द आमची नाही म्हणून पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही, गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. मुलीला स्टेशनवर नेण्याची गरज नाही. तिचा जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल त्या जागी, साध्या कपड्यांतल्या पोलिसांनी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, तुमच्या किंवा तिच्या विश्वासाच्या माणसाच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. गणवेशात कुणी दारात आलं तर नम्रपणे हे बोलून दाखवा, तो तुमचा हक्क आहे. चोवीस तासांत पोलीस बाल कल्याण समितीलाही कळवतात आणि समिती सहायक व्यक्ती देऊ शकते. ती मागून घ्या.

वैद्यकीय तपासणीबद्दल एकच सांगते, कारण इथे घरं खचतात. मुलीची तपासणी महिला डॉक्टर करतात, तुम्ही सोबत असता, आणि उपचार सुरू करण्यासाठी हॉस्पिटल आधी एफआयआर मागू शकत नाही. अहवालात जखम नाही असं आलं तर त्याचा अर्थ काही घडलं नाही असा नसतो. स्पर्शाच्या बहुतेक प्रकारांत खूणच राहत नाही. घटना गेल्या तीन-चार दिवसांतली असण्याची शक्यता असेल तर मात्र उशीर करू नका. तिने तेव्हा घातलेले कपडे न धुतलेले असतील तर तसेच कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, त्यात ओल धरते. काल अंघोळ झाली याचं वाईट वाटून घेऊ नका.

आणि तो दादा खरंच नववीतला मुलगा निघाला, तर? मग तोही अठराच्या आतला आहे. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, मोठ्यांच्या तुरुंगात नाही, आणि त्याच्यावरही कुणीतरी काही केलेलं असू शकतं हे तिथे पाहिलं जातं. "एका पोराचं आयुष्य वाया जाईल" म्हणून तक्रार दाबणारे पालक मी पाहिलेत. त्या पाळणाघरात तुमच्या मुलीशिवाय आणखीही मुलं असतील, त्यांचं काय, हा प्रश्न मिस्टरांना विचारा. त्यांचा राग खरा आहे, त्याला काम द्या. त्यांनी पोलीस स्टेशनला जायचं, वही घेऊन. काकूंच्या दारात नाही. तिथे आरडाओरडा झाला की समोरचं घर सावध होतं, दबाव आणतं, आणि कोर्टात म्हणतं की भांडणातून खोटी केस घातली.

जबाबाच्या दिवशी मुलगी विचारेल, "मी काय सांगू?" तिला पढवू नका, आदल्या रात्री उजळणी घेऊ नका. "जे झालं ते सांग. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. त्यांनी चुकीचं काही म्हटलं तर तसं नाही म्हण." आणि सोबत तिचं पाणी, खाऊ आणि रंगाचे खडू घ्या, कारण महिला अधिकारी यायला दोन-दोन तास लागतात.